मटणाचा उतारा: शाहूपुरीतल्या आमच्या खानावळीच्या प्रकल्प नोंदी

१ जून, रविवार

मामांच्या खानावळीचा हिशोब मी दोन महिन्यांपासून बघतोय. कागदावर मटण ताटाला १५० ग्रॅम कच्चं मटण धरलेलं आहे. मटण ७८० रुपये किलो, म्हणजे ताटामागे ११७ रुपये. ताट ३०० रुपयांना जातं. त्या हिशोबाने ५ किलोत ३३ ताटं निघायला हवीत. प्रत्यक्षात २५-२६ च्या पुढे कधी गेलेली नाहीत. मामा म्हणतात, "पोरं जास्त वाढत्यात." आक्का म्हणतात, "मटणच कमी येतंय." दोघांचंही थोडं थोडं खरं निघेल असं वाटतंय, पण मोजल्याशिवाय कुणाचं किती ते कळणार नाही.

इकडच्या ऊसवाल्यांना साखरेचा उतारा सांगावा लागत नाही. टनभर उसातून साखर किती आली, तो उतारा. मटणाचाही तसाच काढायचा: पैसे मोजले त्या वजनातून ताटात पडण्याजोगं किती उरलं. पुढे सगळीकडे हाच शब्द वापरतोय, कारण आक्कांनाही तो पहिल्या झटक्यात समजला.

आजची पहिली मोजणी वाया गेली. ५ किलो मटण आणलं, आक्कांनी रोजच्यासारखं धुऊन ठेवलं आणि मी नंतर काट्यावर टाकलं. भरलं ५ किलो ८० ग्रॅम. आणल्यापेक्षा जास्त! धुताना पाणी तुकड्यांत आणि भांड्यात राहिलं, दुसरं काही नाही. शिवाय आमचा जुना लटकता काटा ५० ग्रॅमच्या खुणांचा, त्यात २०-३० ग्रॅम इकडचे तिकडे कळतच नाहीत. आजचे आकडे खोडून टाकले. १० किलोचा टेबलावरचा काटा घेतला, १८५० रुपये गेले. १ ग्रॅमपर्यंत दाखवतो, आपल्याला ५ ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवला तरी पुरे.

४ जून, बुधवार

नवा काटा, ५ किलो मटण, नेहमीसारखं मांडी आणि सीना मिसळून. धुवायच्या आधी प्रत्येक टप्प्याला वजन केलं.

बिलावर ५ किलो. आमच्या काट्यावर ४ किलो ९६० ग्रॅम. हे ४० ग्रॅम म्हणजे पिशवीत उतरलेलं पाणी, थोडा काट्याकाट्यातला फरक. सुरुवातीला मी ४.९६० हाच पाया धरला होता. मग लक्षात आलं की पैसे ५ किलोचे दिलेत, तर पायाही ५ किलोच पाहिजे. दुकानातून घरी येईपर्यंत जे गेलं तेही आपल्याच खिशातून गेलं.

मग साफसफाई. जास्तीची चरबी आणि पडदे २३० ग्रॅम, हाडांच्या कपच्या आणि गोठलेलं रक्त ५० ग्रॅम. मानेची आणि पाठीची मोठी हाडं अळणीसाठी वेगळी काढली, ती ६२० ग्रॅम. सुक्यासाठी उरले ४ किलो ६० ग्रॅम, अर्थात तुकड्यातल्या लहान हाडांसकट. सुक्यात हाडाचा तुकडा आला पाहिजे, नुसतं बोनलेस दिलं तर इथलं गिऱ्हाईक ताट परत पाठवेल. म्हणून आमच्या हिशोबात खाण्याजोगा भाग म्हणजे हाडासकटचा तुकडा. परक्या पुस्तकात बिनहाडाचा उतारा छापलेला असतो, तो इथे उचलून लावला तर सगळं गणित चुकतं.

हे ४ किलो ६० ग्रॅम हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलं. तुकडे चाळणीत काढून १० मिनिटं निथळू दिले, मसाला लावायच्या आधी वजन केलं: २ किलो ८४० ग्रॅम. शिजताना सव्वा किलोच्या जवळपास गेलं, म्हणजे ३० टक्के. मी दोनदा काटा शून्यावर आणून बघितला. आक्का म्हणाल्या, "अळणीत उतरलंय की सगळं. कुटं जायचंय?"

५ किलोतून २.८४०, उतारा ५६.८ टक्के.

ताटात शिजलेले तुकडे ११० ग्रॅम द्यायचे असं मामांचं ठरलेलं आहे. २८४० ला ११० ने भागलं की २५ ताटं होतात आणि ९० ग्रॅम उरतात. त्या ९० ग्रॅमचं ताट होत नाही, म्हणून ताटं २५ च धरायची. ३९०० रुपयांचं मटण, २५ ताटं: ताटाला १५६ रुपये. आपण ११७ धरून बसलो होतो. ३०० च्या ताटात नुसतं मटण ३९ टक्के समजत होतो, ते ५२ टक्के निघालं.

मामा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. कागदावरचे १५० ग्रॅम कच्चे कुठून आले हे विचारलं, तर खानावळ सुरू केली तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं एवढंच त्यांना आठवतं. २५ ताटं काढायला प्रत्यक्षात ताटामागे २०० ग्रॅम कच्चं लागतंय.

वेळ: नेहमीपेक्षा दीड तास जास्त.

६ जून, शुक्रवार

एक चूक मीच केली आणि मीच शोधली. मोठी हाडं ६२० ग्रॅम अळणीत जातात, त्यातून पांढरा आणि तांबडा होतो. मग त्यांची किंमत मटणातून वजा करायला नको का? नुसती हाडं घ्यायची झाली तर आमचे खाटीक २०० रुपये किलो लावतात. म्हणजे १२४ रुपये. ३९०० मधून १२४ गेले, ३७७६ उरले, २५ ताटांवर १५१ रुपये. ५ रुपये वाचले म्हणून मी खूश झालो होतो.

रात्री रश्श्याचा हिशोब उघडला तर तिथे हाडांचे शून्य रुपये. म्हणजे मटणाच्या पानावरून १२४ रुपये काढले आणि कुठल्याच पानावर जमा केले नाहीत. ते हवेत गेले.

विचार करून असं ठरवलं. ताटात सुकं, तांबडा, पांढरा एकत्रच जातं आणि रस्सा मागेल तेवढा वाढतो. तिथे हाडांचे पैसे इकडून तिकडे केले तरी ताटाची किंमत बदलत नाही, म्हणून ताटाच्या हिशोबात वजाबाकी करायचीच नाही, १५६ च धरायचे. पण संध्याकाळी आपण पांढऱ्याचं पार्सल वेगळं विकतो आणि सुक्याची प्लेट वेगळी विकतो. त्या दोन पानांवर मात्र हाडांचे १२४ सुक्यातून काढायचे आणि पांढऱ्यात लिहायचे, दोन्हीकडे त्याच दिवशी. चरबीचं आपण काही करत नाही, तिची किंमत शून्य.

८ जून, रविवार

आजचा दिवस वाईट गेला.

६० ताटांची तयारी होती. ६० ला ११० ग्रॅम म्हणजे शिजलेले ६ किलो ६०० ग्रॅम हवेत. कच्चं किती आणायचं हे काल रात्री मी घाईत काढलं. तूट ४३.२ टक्के, म्हणून ६.६ मध्ये ४३.२ टक्के वाढवले: ९ किलो ४५० ग्रॅम. मामांनी साडेनऊ आणलं.

दुपारी पावणेदोनला ४९ व्या ताटाला सुकं संपलं. त्या वेळेला चांगलं मटण कुठे मिळणार? बाहेर बसलेल्या ११ जणांना अंडा ताट दिलं आणि पैसे कमी घेतले. दोघं न जेवता उठून गेले. दर रविवारी येणारे आहेत दोघंही. मला फार लागलं.

संध्याकाळी कागद घेऊन बसलो. चूक अशी: ४३.२ टक्के तूट ही कच्च्या मटणाची आहे, आणि मी ते टक्के शिजलेल्या वजनावर चढवले. शिजलेलं वजन लहान, त्यामुळे त्याचे ४३.२ टक्केही लहान. बरोबर रीत भागाकाराची आहे. हवं असलेलं शिजलेलं वजन उताऱ्याने भागायचं. ६.६ भागिले ०.५६८, म्हणजे ११ किलो ६२० ग्रॅम. मी २ किलोंपेक्षा जास्त कमी आणायला लावलं होतं.

चूक पकडायची सोपी खूण: आलेल्या आकड्याला उताऱ्याने उलट गुणून बघायचं. ९.४५० गुणिले ०.५६८ केलं असतं तर ५.३७ किलो दिसलं असतं आणि काल रात्रीच कळलं असतं की ६.६ होत नाहीत. अर्धं मिनिटही लागलं नसतं. तूट थोडी असते तेव्हा ही चूक लपते. कांद्यासारख्या गोष्टीत किलोला १०-२० ग्रॅमचा फरक पडतो, कुणाला दिसत नाही. मटणात ती उघडी पडली.

११ जून, बुधवार

आज भागाकार करून ११ किलो ६०० ग्रॅम आणलं. निथळलेले तुकडे ६ किलो ५९० ग्रॅम. अगदी हवे तेवढे. तरी ५४ ताटांत संपलं.

म्हणजे आता चूक माझ्या कागदावर नव्हती, वाढण्यात होती. रात्रीच्या ताटांतली १० मी वाढता वाढता काट्यावर ठेवून घेतली. ११० ग्रॅम तुकडे आणि ३० ग्रॅम मसाला मिळून सुकं १४० ग्रॅम जायला हवं. सरासरी १५५ निघालं. एक १२५, एक १९०. १९० चं ताट ओळखीच्या माणसाचं होतं.

पोरांना बोलून उपयोग नाही, कारण डाव हे माप नाही. भाजी, आमटी डावाने बरोबर वाढता येते. हाडाचे तुकडे डावात कसे बसतील ते सांगता येत नाही, एक नळी आली की डाव भरलेला दिसतो आणि मांस कमी असतं, मग पोरगं बिचारं दुसरा डाव टाकतं.

उपाय: सुकं तयार झालं की वाढायच्या आधीच स्टीलच्या वाट्यांत काट्यावर भरून ठेवायचं. आणि खाटकांना तुकडे सारख्या आकाराचे करून द्यायला सांगायचं. ते म्हणाले, "रविवारी गर्दीत नको सांगू, सकाळी सातला ये, मग हवं तसं तोडून देतो."

१२ जून, गुरुवार

आज मटण नाही, म्हणून कांदा घेतला. मार्केट यार्डातून १० किलो, २२ रुपये दराने. सोलून, शेंडा-बूड काढून ८ किलो ७५० ग्रॅम. उतारा ८७.५ टक्के. २२ भागिले ०.८७५, सोललेला कांदा किलोला २५ रुपये १४ पैसे पडतो.

पुढे मी तो वाटणासाठी भाजून त्याचंही वजन करायला निघालो होतो. मटण शिजवून मोजलं तर कांदा भाजून का नाही? आक्कांनी थांबवलं. त्यांचं वाटण सोललेल्या कांद्याच्या वजनावर ठरलेलं आहे: एवढ्या रश्श्याला सोललेला कांदा २ किलो. भाजल्यावर तो किती उरतो याला त्यांच्या मापात जागाच नाही. मी भाजलेल्याचा उतारा लावला असता तर तोच कांदा दोनदा घटवला असता.

यातून मला या सगळ्या कामाचं सूत्र मिळालं. आपल्या पाककृतीत माप ज्या टप्प्याला पडतं, उतारा त्याच टप्प्यापर्यंत मोजायचा. मटणाचं माप ताटात, शिजल्यावर, तर तिथपर्यंत. कांद्याचं माप सोलल्यावर, तर तिथेच काटा थांबवायचा.

कोथिंबिरीने हेच पुन्हा दाखवलं. १० जुड्या, १०० रुपये. आणल्या तेव्हा १ किलो ४८० ग्रॅम, पण पावसाने आणि विक्रेत्यांच्या पाण्याने भिजलेल्या. झटकून, अर्धा तास कापडावर पसरल्यावर १ किलो २९०. १९० ग्रॅम नुसतं पाणी. मुळं, चिखल आणि पिवळी पानं काढून वाटणाला चालणारी, कोवळ्या देठांसकट, १ किलो ६० ग्रॅम. म्हणजे किलोला ९४ रुपये. वरून भुरभुरायला नुसती पानं खुडली तर ६१० ग्रॅम, किलोला १६४ रुपये. एकाच जुडीचे दोन भाव, आणि दोन्ही खरे, कारण वापर दोन. आम्ही आतापर्यंत वाटणालाही पानंच खुडत होतो आणि देठ टाकत होतो. आजपासून बंद. देठांचं वाटण पांढऱ्यात घालायचं नाही एवढंच, रंग हिरवट येतो.

लसणाचं थोडक्यात: १ किलोचा ८६० ग्रॅम, बारीक पाकळीचा असेल तर त्याहून कमी, आणि सोलायला वेळ दुप्पट.

१५ जून, रविवार

मागच्या रविवारची धास्ती होती म्हणून ११.६ ऐवजी सरळ १२ किलो आणलं. आणि बरं झालं. मटण जून निघालं. नेहमीच्या वेळेत शिजलंच नाही, २५ मिनिटं जास्त लागली. तितकं जास्त पाणी सुटलं, तुकडे आकसले, काही हाडापासून सुटून अळणीत गेले. निथळल्यावर ६ किलो ५३० ग्रॅम. उतारा ५४.४ टक्के.

वाट्या भरून ठेवल्या होत्या, ५९ भरल्या. साठावा माणूस आला नाही, देवाची कृपा. वाट्या भरायला २५ मिनिटं गेली, पण वाढायच्या वेळी पोरांचा तेवढाच वेळ वाचला.

अळणीत सुटलेलं मांस गाळून पाहिलं: १४० ग्रॅम. ते आक्कांनी खिम्यासारखं परतून घरच्या जेवणाला घेतलं. मी ते उताऱ्यात धरलेलं नाही, कारण ते गिऱ्हाइकाच्या ताटात गेलं नाही.

१८ जून, बुधवार

८ किलो, कोवळं, मांडी जास्त. निथळलेलं ४ किलो ६५०. उतारा ५८.१ टक्के.

सुटं मोजलेल्या तीन दिवसांचं एकत्र केलं. ११ तारीख धरली नाही, कारण त्या दिवशी साफसफाईची वजनं घेतली नव्हती. २५ किलो आणलं, १४ किलो २० ग्रॅम निघालं. ५६ टक्के. तीन टक्केवाऱ्यांची सरासरी काढत बसलो नाही. १२ किलोच्या दिवसाचं वजन ५ किलोच्या दिवसापेक्षा जास्त धरलं जायला हवं, आणि बेरजेवर बेरीज भागली की ते आपोआप होतं.

किंमत ५६ टक्क्यांवर काढायची, खरेदी मात्र ५५ वर करायची असं मामांशी ठरलं. दोन वेगळे आकडे का, हे त्यांना पटायला वेळ लागला. किंमत म्हणजे महिन्याभराची सरासरी, तिथे कधी जास्त कधी कमी मिळून जातं. खरेदी म्हणजे त्या एका दुपारचं काम, तिथे कमी पडलं की माणूस उपाशी उठतो. मोबाईलवरच्या शीटमध्ये ताटांचा आकडा टाकला की कच्चं वजन येतं, असं करून ठेवलं:

```
=B2*0.110/0.55
```

६० ताटांना १२ किलो. मामांनी हा एकच आकडा भिंतीवर लिहिला आहे.

१० जुलै, गुरुवार

कांदा पुन्हा मोजला, कारण आक्का आठवडाभर म्हणत होत्या की वाटणाला कांदा पुरत नाही. पाऊस लागल्यापासून चाळीतला उन्हाळी कांदा सडायला आणि कोंब काढायला लागलाय. भाव उतरून २० रुपये झालाय, म्हणून मामा दोन पोती जास्तच घ्या म्हणत होते.

१० किलोतून सडका, आतून काळा पडलेला आणि कोंबाचा भाग काढून ७ किलो ६४० ग्रॅम. उतारा ७६.४ टक्के. २० भागिले ०.७६४, म्हणजे सोललेला किलो २६ रुपये १८ पैसे. जूनमध्ये २२ चा कांदा २५.१४ ला पडत होता. भाव २ रुपयांनी उतरला आणि कांदा एका रुपयाने महागला. जास्तीची पोती घेतली नाहीत, ठेवून आणखी सडला असता. यापुढे २२-२३ पर्यंत मिळाला तर निवडलेला, कोरडा कांदा घ्यायचा. २३ चा कांदा जूनइतका उतरला तरी २६.२९ पडेल, म्हणजे या सडक्याच्या बरोबरीतच, पण आक्कांचा निवडण्यातला तासभर वाचेल.

कांद्याचा उतारा आता दर महिन्याला, पावसाळ्यात दर पंधरवड्याला. मटणाचा महिन्यातून एकदा, आणि खाटीक किंवा तुकड्यांचं मिश्रण बदललं की लगेच.

१३ जुलै, रविवार

१२ किलो आणलं. निथळलेले तुकडे ६ किलो ७१० ग्रॅम. ६१ वाट्या भरल्या, ६० गेल्या, एक उरली ती आक्कांनी घरी नेली. ताट १ ऑगस्टपासून ३२० रुपये करायचं ठरलंय. त्या दिवशीच्या मटणाच्या भावाने पान पुन्हा लिहून ठेवेन.